पाळीचा हिशेब

रासायनिक कारखान्यातील यंत्रे कापडगिरणीच्या मागाप्रमाणे संध्याकाळी बंद करून सकाळी पुन्हा चालू करता येत नाहीत. तेल शुद्ध करणारा किंवा खत बनविणारा कारखाना थंडावला की त्याला पूर्ववत तापवून स्थिर करण्यात कधी दिवसच्या दिवस जातात. आणि अपघाताचा धोका स्थिर चाललेल्या कारखान्यापेक्षा ह्या सुरू करण्याच्या नि बंद करण्याच्या वेळीच अधिक असतो. म्हणून असा कारखाना महिनोन्‌महिने अखंड चालतो आणि त्याच्यापाशी माणसे पाळीपाळीने बदलतात. रसायनतंत्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाच्या वाट्याला प्रथम येते ती ही पाळी. तुर्भ्याला असो वा पाताळगंगेला, सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा आणि दहा ते सकाळी सहा, असे हे चक्र आठवड्याआठवड्याने फिरत राहते. सणावाराला घरी पंगत बसलेली असते आणि हा तरुण मात्र डब्यातली पोळी खाऊन पॅनेलपुढे बसलेला असतो.

पहिल्या वर्षी त्याचे काम बहुधा पायांचे असते. हातात नकाशा घेऊन प्रत्येक नळी कोठून निघते, कोणत्या व्हॉल्व्हमधून जाते आणि कोठे संपते, हे तो चालून पाहतो. पुढे तो नियंत्रण-कक्षात बसून आकडे वाचावयास शिकतो. झोपमोड ही ह्या आयुष्यातील उघड अडचण होय आणि तिची चर्चा पुष्कळ होते. परंतु पाळीच्या जीवनातील खरी नाजूक जागा निराळीच आहे. एक माणूस उठतो आणि दुसरा त्याच खुर्चीवर बसतो, ती दहा मिनिटे म्हणजे ती जागा. त्या दहा मिनिटांत काय सांगितले गेले आणि काय राहून गेले, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 23 मार्च 2005 रोजी घडले. तेथील सरकारी चौकशी मंडळाने त्याचा तपशील घटकेघटकेने नोंदविला असल्याने ते अभ्यासास फार उपयोगी पडते.

त्या कारखान्यात सुमारे 170 फूट उंचीचा एक पोलादी स्तंभ होता. पेट्रोलासारखा ज्वालाग्राही द्रव त्यात तापवून त्याचे हलके व जड भाग वेगळे करीत. दुरुस्तीसाठी थांबविलेला हा स्तंभ त्या दिवशी पुन्हा सुरू करावयाचा होता. रात्रपाळीने पहाटे दोनच्या सुमारास त्यात द्रव भरण्यास आरंभ केला. द्रवाची उंची दाखविणारे उपकरण स्तंभाच्या तळापासून सुमारे 9 फुटांपर्यंतचीच पातळी मोजू शकत होते. नियमाप्रमाणे ह्या मापाच्या निम्म्यावर थांबावयाचे; पण प्रत्यक्षात द्रव मापाच्या टोकापर्यंत आणि त्याच्याही वर, सुमारे 13 फुटांपर्यंत, चढविण्यात आला. पातळी वाढल्याची एक सूचना वाजली. दुसरी, जी स्वतंत्र राखणदार म्हणून बसविली होती, ती वाजलीच नाही. मग भरणे थांबविण्यात आले.

स्तंभ भरणारा रात्रपाळीचा मुख्य चालक आपली वेळ संपण्याच्या सुमारे तासभर आधी निघून गेला. सकाळी सहाच्या सुमारास दिवसाचा चालक आला, तेव्हा वहीत त्याच्यासाठी एवढीच एक ओळ होती की, युनिटात थोडा द्रव घेतला आहे. किती घेतला, कोणकोणते व्हॉल्व्ह बंद आहेत, पुढची पायरी कोणती, ह्यांपैकी एकही गोष्ट त्या ओळीत नव्हती. दिवसपाळीचा पर्यवेक्षक सात वाजून गेल्यावर आला, त्यामुळे त्याला रात्रीच्या माणसांकडून तोंडीही काही कळले नाही. पुढे अकराच्या आत घरच्या आजारपणामुळे त्याला जावे लागले आणि त्याच्या जागी जाणता माणूस कोणीच बसला नाही. पॅनेलपुढचा चालक 29 दिवस ओळीने बारा बारा तासांची पाळी करीत होता. शिवाय त्याच्या एकट्याच्या नजरेखाली तीन युनिटे होती.

सकाळी 9 वाजून 51 मिनिटांनी स्तंभात पुन्हा द्रव सोडण्यात आला आणि थोड्याच वेळात खालची भट्टी पेटविली गेली. तळातून द्रव बाहेर नेणारा व्हॉल्व्ह मात्र बंदच होता. द्रव आत येत होता आणि बाहेर जात नव्हता. तरीही पातळीचा आकडा वाढण्याऐवजी हळूहळू उतरत गेला; दुपारपर्यंत तो नव्वदीच्या वरून खाली सरकून 78 टक्क्यांच्या आसपास आला. चालकाला वाटले की पातळी आटोक्यात येत आहे. प्रत्यक्षात एक वाजण्याच्या सुमारास द्रव 158 फुटांवर चढला होता.

उपकरणाने असे उलटे का सांगावे? त्यात द्रवामध्ये लोंबणारा एक जड दांडा असतो. द्रव जितका वर येतो तितका दांडा हलका भासतो आणि त्या हलकेपणावरून पातळी ठरते. विहिरीतील घागर पाण्याखाली असेतोवर हलकी लागते, तोच हा नियम. पण दांडा पूर्ण बुडाल्यावर वर आणखी शंभर फूट द्रव चढला तरी त्याचे वजन आणखी घटत नाही. त्यानंतर ते उपकरण पातळी मोजीतच नाही, तर केवळ द्रवाचा दाटपणा मोजू लागते. भट्टीच्या उष्णतेने द्रव विरळ होत होता, दांड्याला मिळणारा आधार कमी होत होता, आणि आकडा उतरत होता. डोळ्यांनी पातळी पाहण्यासाठी बसविलेली काच मळून निरुपयोगी झाली होती.

एवढे असूनही सत्य कळण्याचा एक मार्ग मोकळा होता, आणि त्याला एका कागदाहून अधिक काही लागत नव्हते. द्रव दिवसाला 20,000 पिंपे ह्या गतीने येत होता. एका पिंपात सुमारे 159 लिटर धरले तर ताशी सुमारे 132 घनमीटर होतात. स्तंभाचा व्यास साडेबारा फूट, म्हणजे 3.8 मीटर, त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 11.4 चौरस मीटर. भागाकार केला की तासाला साडेअकरा मीटर, म्हणजे सुमारे 38 फूट, ह्या वेगाने द्रव चढतो असे निघते. व्हॉल्व्ह पावणेतीन तासांहून अधिक काळ बंद राहिला. एवढ्या वेळात शंभराहून अधिक फूट वाढ झाली आणि आधीचे 13 फूट मिळवले तर ढोबळ मानानेही द्रव 120 फुटांच्या घरात गेला. त्यापुढची उंची तापून फुगण्यामुळे आली. बाहेर जाणाऱ्या नळीवरचा मापक चुकीने थोडासा प्रवाह दाखवीत होता हे खरे. पण तो खरा मानला तरी आलेला माल गेलेल्या मालाच्या कितीतरी पट होता. मग उरलेला माल गेला कोठे? हा प्रश्न किराणा दुकानाचा मुनीमही विचारील. पण पडद्यावर येणे एका पानावर आणि जाणे दुसऱ्या पानावर दिसत होते, आणि दोहोंची वजाबाकी कोणाच्याही कामात लिहिलेली नव्हती.

पावणेएकच्या सुमारास चालकांनी तळाचा व्हॉल्व्ह उघडला. बाहेर पडणाऱ्या तप्त द्रवाने आत येणारा द्रव एकाएकी तापला, स्तंभात उकळी फुटली आणि द्रव माथ्यावरून वाफेच्या नळीत सांडला. दाब वाढून सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडले. त्यांतून निघालेला द्रव एका जुन्या ड्रममध्ये गेला आणि ड्रमच्या उघड्या धुराड्यातून कारंजासारखा जमिनीवर कोसळला. 1 वाजून 20 मिनिटांनी स्फोट झाला. 15 माणसे मेली आणि 180 जखमी झाली. मेलेले सगळे कंत्राटी कामगार होते. त्यांची तात्पुरती कचेरी त्या ड्रमपासून सव्वाशे फुटांच्या आत थाटलेली होती, आणि शेजारी स्तंभ सुरू होत आहे हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

ह्यावरून पाळीवरच्या अभियंत्याची जबाबदारी नेमकी कळते. खुर्ची सोडताना त्याने चार गोष्टी लिहून, वाचून आणि समक्ष दाखवून द्यावयाच्या असतात: कोणत्या भांड्यात किती माल आहे आणि कोणता व्हॉल्व्ह कसा ठेवला आहे, कोणत्या उपकरणाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, दुरुस्तीची कोणती परवानगी अद्याप उघडी आहे, आणि कामाची पुढची पायरी कोणती. खुर्चीवर बसणाऱ्याने ती वही मुकाट्याने सही करून मिटू नये. त्याने प्रश्न विचारावेत, विजेरी घेऊन प्रत्यक्ष जाग्यावर जावे, आणि आपल्या हातचा पहिला हिशेब स्वतः मांडावा. उत्तर जुळेपर्यंत भट्टी न पेटविणे हा त्याचा अधिकार नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे.

बढती म्हणजे ह्याच हिशेबाची मुदत वाढत जाणे होय. पॅनेलपुढचा माणूस आठ तासांचा हिशेब ठेवतो. पाळीप्रमुख चार माणसांच्या थकव्याचाही ठेवतो, आणि स्वतः उठून जाताना आपल्या जागी कोण, हे सांगितल्याशिवाय जात नाही. युनिटाचा प्रमुख महिन्यांचा हिशेब ठेवतो. टेक्सास सिटीत पातळीदर्शक नीट चालत नाही हे आधीच ठाऊक होते. तरी सुरू करण्यापूर्वीची सुरक्षा-तपासणी न होताच स्तंभ भरला गेला. ती तपासणी झाल्यावाचून आरंभ होणार नाही, असे ठाम सांगणे हे युनिटप्रमुखाचे काम होते. त्याच्याही वरच्या तांत्रिक अधिकाऱ्याचा हिशेब वर्षांचा असतो. तो उघडा ड्रम 1997 साली बदलण्यात आला तेव्हा त्याच्या जागी तसाच दुसरा बसविला गेला. 2002 साली तो फ्लेअरला, म्हणजे निघालेला वायू उंचावर जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याला, जोडावा अशी सूचना पुढे आली. तीही खर्चाच्या विचारात मागे पडली. एका पॅनेलवरची दोन माणसे 1999 मध्ये एकावर आणली गेली. ह्या निर्णयांवर सह्या करणारांनी त्या दिवशी एकही व्हॉल्व्ह फिरविला नव्हता. तथापि त्या 15 जणांच्या मृत्यूच्या हिशेबात त्यांच्या सह्या रात्रीच्या त्या एका ओळीहून लहान नाहीत.

म्हणून ज्या तरुणाला ह्या धंद्यात पुढे मोठा अधिकारी व्हावयाचे आहे, त्याने पाळीची वर्षे ही केवळ सोसण्याची वर्षे समजू नयेत. आकडा उतरताना दिसला तरी माल कोठे गेला असे विचारण्याची सवय रात्री तीन वाजता पॅनेलपुढेच लागते. ती लागलेला माणूस पुढे कचेरीत खर्चाचा कागद समोर आला म्हणजे, ह्या बचतीत वजा काय होत आहे, हेही विचारतो.