शिखराच्या आसपास

10! म्हणजे 3628800. हा गुणाकार कागदावर होतो, 1000! चा होत नाही. म्हणून आपण क्रमगुणिताकडे इंटिग्रल म्हणून पाहू: n! म्हणजे xⁿe⁻ˣ या फलाखालचे 0 पासून अनंतापर्यंतचे क्षेत्रफळ. x = nt घातले की n हा मोठा आकडा घातांकात कंसाबाहेर येतो:

n! = nⁿ⁺¹ ∫ eⁿ⁽ˡⁿ ᵗ ⁻ ᵗ⁾ dt

ln t − t ची कमाल किंमत t = 1 ला मिळते आणि ती −1 आहे. t तिथून जरा ढळला की कंसातली किंमत थोडीशीच उतरते, पण n तिला गुणतो आणि मग घातांकावर चढवतो. त्यामुळे n मोठा असला की जवळपास सगळे क्षेत्रफळ t = 1 भोवतीच्या 1/√n इतक्या रुंदीच्या पट्ट्यात एकवटते. लाप्लासने 1774 च्या निबंधात हीच युक्ती वापरली होती.

आता t = 1 + s लिहून घातांकाचा विस्तार करू:

n(−1 − s²/2 + s³/3 − s⁴/4 + …)

पहिले पद e⁻ⁿ देते. दुसरे पद म्हणजे गाउसचा घंटाकृती वक्र, त्याचे क्षेत्रफळ √(2π/n). हाती आले n! ≈ √(2πn) nⁿe⁻ⁿ, म्हणजे स्टर्लिंगचे सूत्र. n = 10 घातल्यास सुमारे 3598696 मिळतात. चूक एक टक्क्याहूनही कमी आहे.

ही चूक सुधारायला जाताना मात्र पुष्कळजण घसरतात. s³ चे पद विषम, डाव्या-उजव्या बाजू एकमेकींना खाऊन टाकतात, तेव्हा ते सोडा आणि s⁴ घ्या, असा विचार सुचतो. घंटेखाली s⁴ ची सरासरी 3/n² असते, म्हणून दुरुस्ती निघते −3/(4n). दहासाठी ही साडेसात टक्क्यांची घट झाली! उत्तर आधीच कमी होते, ते आणखी खाली गेले. इथेच संशय यायला हवा.

गफलत अशी, की s³ घातांकात बसलेले आहे. घातांकीय फल उलगडले की त्याचा वर्गही बाहेर येतो, आणि वर्ग सम असतो. n²s⁶/9 चा निम्मा घ्यायचा; s⁶ ची सरासरी 15/n³, म्हणून हे योगदान +5/(6n). दोन्ही एकाच तोलाची पदे आहेत, एक ठेवून दुसरे टाकता येत नाही. 5/6 मधून 3/4 वजा केले की उरतो 1/12.

आता 3598696 ला 1 + 1/120 ने गुणा: सुमारे 3628685. खऱ्या उत्तरापेक्षा जेमतेम 115 कमी. n = 1 ला 'मोठा' म्हणायची लाज वाटावी, तरी तिथेही 0.999 मिळतात.

पुढची पदे जोडत राहिलो तर उत्तर हवे तितके अचूक होईल, असे मात्र नाही. n कायम ठेवला तर ही मालिका शेवटी अपसारी होते. पदे लहान होत आहेत तोवरच घ्यायची. आणि शिखर पट्ट्याच्या मध्ये न येता इंटिग्रलच्या टोकावर आले, तर घंटेचा अर्धाच भाग हिशेबात धरायचा. टोकाशी उतार शून्य नसून −a असेल तर घंटाच उरत नाही, तिथे साधे e⁻ⁿᵃˢ चे इंटिग्रल येते आणि √n ऐवजी n ने भागावे लागते.