देणगीचा ठराव आणि कंपनीचे उद्देश
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बरेच जण आता राहुरी, संगमनेर, राहाता भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी देणगीचा विषय निघाला तेव्हा दोघातिघांनी उत्साहाने सांगितले, "आमच्या कंपनीतून लाखभर देऊ, सगळे सभासद हात वर करतील." माझा व्यवसाय कंपन्यांच्या कागदपत्रांचा आहे, म्हणून याच वाक्यावर बोलतो.

कंपनी नोंदवताना दोन कागद तयार होतात. पहिला मेमोरँडम. कंपनी कशासाठी जन्माला आली, हे त्यातले उद्देश कलम सांगते. दुसरा आर्टिकल्स, म्हणजे घरातली नियमावली: सभा कशी बोलवायची, संचालकांना कोणते अधिकार, सह्या कोणाच्या. मेमोरँडम हे शेताचे बांध समजा आणि आर्टिकल्स म्हणजे बांधाच्या आत कसे कसायचे याचे नियम. संचालकांनी आर्टिकल्सचा नियम मोडला, पण काम बांधाच्या आत असेल, तर सभासद पुढे त्याला मान्यता देऊ शकतात. बांधाबाहेरचे काम मात्र कंपनीचे कामच होत नाही. ते मुळातच रद्दबातल असते आणि सगळ्या सभासदांनी एकमताने होकार दिला तरी जिवंत होत नाही.

हे तत्त्व 1875 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ॲशबरी कंपनीच्या खटल्यात पक्के केले. ती कंपनी रेल्वेचे डबे बनवायची, पण तिने बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्याच्या कामाचा करार केला. तो करार टिकला नाही.

आपल्या विषयाला अधिक जवळचा खटला भारतातला आहे. मद्रासच्या युनायटेड इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनीने जुलै 1955 मध्ये भागधारकांच्या सभेत ठराव करून एका ट्रस्टला दोन लाख रुपये दिले. तांत्रिक आणि व्यापारी ज्ञानाचा प्रसार हा त्या ट्रस्टचा हेतू होता. पुढच्याच वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आयुर्विमा महामंडळाने ते पैसे परत मागितले. संचालकांचे म्हणणे, आर्टिकल्समध्ये धर्मादाय कामाला पैसे देण्याचा अधिकार आम्हाला आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, आर्टिकल्समधला अधिकार मेमोरँडमपेक्षा मोठा होऊ शकत नाही. कंपनीच्या स्वतःच्या उद्देशांना उपयोगी पडेल अशाच धर्मादायाला तो लागू होतो. या ट्रस्टच्या अनेक हेतूंमध्ये विम्याचे ज्ञानही होते, पण तेवढ्याने विमाधंद्याशी खरा संबंध जुळत नव्हता. ठराव करून पैसे देणाऱ्या संचालकांवर ती रक्कम व्यक्तिशः परत करण्याची जबाबदारी आली. 1963 च्या निकालपत्रांत तो लक्ष्मणस्वामी मुदलियार खटला म्हणून सापडतो. हेतू चांगला होता, सभासद राजी होते, तरीही पैसे त्यांच्या खिशातून गेले.

मग वाट काय? आधी बांध हलवायचा, मग नांगर घालायचा. 1957 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी द्यायची होती. तिने आधी मेमोरँडममध्ये तसा बदल करायचे ठरवले आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मुंबई उच्च न्यायालयाची मंजुरी मागितली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी लोकशाहीला असलेल्या धोक्याबद्दल कडक इशारा दिला, पण मंजुरीही दिली. आज साधारणपणे न्यायालयात जावे लागत नाही. विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने, आणि मग रजिस्ट्रारकडे नोंद. पण बदल पुढच्या कामाला लागू होतो. आधी दिलेली देणगी त्याने शुद्ध होत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीला तर देणगीबद्दल कायद्यातच स्वतंत्र तरतूद आहे. सभासदांच्या किंवा लोकांच्या कल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेला ती विशेष ठरावाने देणगी देऊ शकते, पण वर्षभरात सगळ्या देणग्या मिळून मागच्या वर्षीच्या निव्वळ नफ्याच्या तीन टक्क्यांपर्यंतच. समजा नफा आठ लाख झाला, तर मर्यादा चोवीस हजार. लाखाचा ठराव हात वर करून झाला, तरी वरचे शहात्तर हजार कायद्याच्या पलीकडचे. ऑडिटमध्ये किंवा एखाद्या नाराज सभासदाच्या तक्रारीत ते बाहेर आले, तर प्रश्न सही करणाऱ्यांना विचारला जाईल. राजकीय पक्षाला मात्र उत्पादक कंपनी एक रुपयाही देऊ शकत नाही.

तेव्हा गावी गेल्यावर एवढे करा. कपाटातला मेमोरँडम काढून उद्देश कलम वाचा. "आणि अनुषंगिक कामे" असे शेवटी लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ "वाटेल ते काम" असा नाही. मूळ उद्देशाला जोडलेले काम, एवढाच आहे. मग मागच्या वर्षीचा निव्वळ नफा पाहून तीन टक्के काढा आणि तेवढ्याचाच विशेष ठराव करा. उरलेली रक्कम आपण माजी विद्यार्थी आपापल्या खिशातून देऊ. त्याला कोणताही मेमोरँडम आड येत नाही.