पिंग 38, तरी गोळी उशिरा का? टीव्ही की मॉनिटर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "घरात 43 इंची टीव्ही आहे, पीसी त्यालाच जोडला तर चालेल का? मॉनिटरचे पैसे वाचतील." आज त्यावरच बोलू. आणि हवेत नको बोलायला, अंबाजोगाईला माझ्या मावसभावाच्या घरी आम्ही खरंच मोजून बघितलं, तेच सांगतो.

पोरगं व्हॅलोरंट खेळतं. पीसी साधाच, जीटीएक्स 1650 कार्ड, पण 1080पी वर त्याला दीडशेच्या आसपास फ्रेम मिळतात. स्क्रीन म्हणजे हॉलमधला टीव्ही. तक्रार कायम एकच, "दादा, मी आधी गोळी मारतो तरी मीच मरतो. नेट बेकार आहे." नेट बदललं, राउटर हॉलमध्ये आणला, लॅनची वायर टाकली. मुंबई सर्व्हरवर पिंग 38 दिसत होता. 38 म्हणजे आपल्याकडं चांगलाच की! तरी हालत तीच.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पिंग म्हणजे तुमच्या पीसीपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. पीसीतून चित्र टीव्हीत गेलं आणि टीव्हीनं ते दाखवायला किती वेळ घेतला, हे पिंगमध्ये मोजलंच जात नाही. गेमला ते कळतच नाही. त्यामुळं वर कोपऱ्यात 38 लिहिलेलं असतं आणि तुम्ही बिचाऱ्या नेटवाल्याला शिव्या देत बसता.

टीव्ही वेळ कुठं घालवतो? टीव्ही बनवलाय सिनेमा आणि मालिकांसाठी. आलेलं चित्र तो लगेच दाखवत नाही. डाग काढतो, रंग उठावदार करतो, कडा धारदार करतो. आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधलं एक चित्र स्वतः तयार करून घुसवतो. आता मधलं चित्र बनवायचं तर पुढचं चित्र हातात आलेलं पाहिजे ना? म्हणजे थांबणं आलंच. मालिका बघताना आवाजही तेवढाच मागं ठेवतात, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. माऊस हातात आला की मात्र जाणवतं. याला म्हणतात इनपुट लॅग.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही, तुमच्या हातातला फोन पुरे. स्लो मोशनमध्ये 240 एफपीएस लावा. म्हणजे एका सेकंदाची 240 चित्रं, एक चित्र साधारण 4.2 मिलिसेकंदांचं. माऊस आणि स्क्रीन दोन्ही एकाच व्हिडिओत दिसतील असा फोन ठेवा, गेमच्या प्रॅक्टिस रेंजमध्ये जा आणि क्लिक करा. मग व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत मोजा, बोट दाबल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी जाळ दिसेपर्यंत किती चित्रं गेली. एकदा मोजून विश्वास ठेवू नका, दहा वेळा करा आणि सरासरी काढा. फक्त तुमचा फोन खरंच 240 घेतो का ते बघा. काही स्वस्त फोन 120 घेतात आणि मधली चित्रं स्वतः भरतात. म्हणजे फोनसुद्धा टीव्हीसारखीच चापलुसी करतो!

आमचे आकडे ऐका. टीव्ही नेहमीच्या पिक्चर मोडवर, सरासरी 34 चित्रं, म्हणजे सुमारे 142 मिलिसेकंद. मग सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू केला. 15 चित्रं, साधारण 62. नंतर मित्राकडून 144 हर्ट्‌झचा मॉनिटर एका रात्रीसाठी आणला. पीसी तोच, माऊस तोच, गेमच्या सेटिंगही त्याच. 9 चित्रं, साधारण 38. या आकड्यांत माऊस आणि पीसीचा वेळही धरलेला आहे, त्यामुळं नुसता आकडा नका बघू, दोन स्क्रीनमधला फरक बघा.

साध्या टीव्ही मोडचा आणि मॉनिटरचा फरक शंभराच्या वर. शंभर मिलिसेकंद म्हणजे काय? व्हॅलोरंटमध्ये रायफल घेऊन पळणारा एजंट सेकंदाला 5.4 मीटर जातो. तेवढ्या वेळात तो अर्धा मीटर सरकतो, म्हणजे भिंतीआडून जवळपास अख्खा बाहेर आलेला असतो आणि तुमच्या टीव्हीवर अजून भिंतच आहे. बघून क्लिक करायला माणसाला मुळातच दोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतात. त्यावर हे शंभर. पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याच्या स्क्रीनवर त्यानं खरंच आधी मारलेली असायची.

म्हणजे सगळ्यात मोठा फायदा फुकटातच झाला, ऐंशी मिलिसेकंदांचा, रिमोटची दोन-तीन बटणं दाबून. बऱ्याच टीव्हीत ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टची वेगळी असते हे लक्षात ठेवा. केबल दुसऱ्या पोर्टात गेली की गेम मोड गेला.

उरलेल्या पंचविसेक मिलिसेकंदांचं काय? त्यात एक भाग रिफ्रेश रेटचा. 60 हर्ट्‌झचा टीव्ही दर 16.7 मिलिसेकंदांनी नवीन चित्र दाखवतो, 144 चा मॉनिटर दर 7 नं. पीसी दीडशे फ्रेम बनवतोय आणि टीव्ही त्यातल्या निम्म्याहून जास्त वाया घालवतोय. ही मर्यादा पॅनेलचीच, कुठल्याच सेटिंगनं जाणार नाही. आणि खोक्यावर "मोशन 120" असलं काही लिहिलेलं बघून भुलू नका. अनेकदा ते मधली चित्रं घुसवण्याचंच नाव असतं, पॅनेल 60 चंच. खरं काय ते विंडोजमध्ये Settings > System > Display > Advanced display इथं दिसतं. तसंच मॉनिटरच्या खोक्यावरचं "1 एमएस" म्हणजे इनपुट लॅग नव्हे. एक ठिपका रंग बदलायला किती वेळ घेतो, त्याचा तो आकडा.

सगळेच टीव्ही असे नसतात हेही खरं. 120 हर्ट्‌झचे चांगले ओएलईडी टीव्ही गेम मोडवर मॉनिटरच्या अगदी जवळ जातात. पण त्या किमतीत आपल्याकडं मॉनिटरसकट अख्खा पीसी येतो.

आता फोनवाले म्हणतील, आम्ही बीजीएमआय टीव्हीवर कास्ट करून खेळू का? नका राव. फोन आधी चित्र दाबून छोटं करतो, वायफायवरून पाठवतो, टीव्ही ते उलगडतो आणि अडखळू नये म्हणून थोडं साठवूनही ठेवतो. साध्या केबलपेक्षा उशीर कितीतरी जास्त होतो. मित्रांना मॅच दाखवायला ठीक, पण खेळताना नजर फोनवरच ठेवा.

भावानं शेवटी लातूरहून 24 इंची मॉनिटर आणला, साडेदहा हजाराला. मी आधी नको म्हणालो होतो. नुसतं क्रिकेट किंवा जीटीएची स्टोरी खेळणाऱ्याला मी आजही गेम मोडवरच थांब म्हणेन. पण हा रोज रँक्ड खेळतो आणि त्याचा पीसी 144 भरून काढतो. 60-70 फ्रेम देणारा पीसी असता तर आधी कार्डाचं बघा म्हणालो असतो. एवढं करून पहिले दोन दिवस तो म्हणत होता, "दादा, फारसा फरक नाही." बघितलं तर विंडोजनं नवीन मॉनिटरही 60 वरच ठेवलेला. तिथं जाऊन हातानं 144 निवडावं लागतं.

टीव्ही मावशीला परत मिळाला. चार दिवसांनी तिचा फोन, "काय केलंस रे टीव्हीला? मालिकेतली माणसं आजारी दिसायला लागली." गेम मोड तसाच राहिला होता.