बाबांनी गाडी दिली, पण फॉर्मवर 'विकली' लिहायचं?

आजचा भाग माझ्या घरातला आहे. आमची गाडी २०१७ सालची, एमएच ४८ पासिंगची. गुडघ्यांनी दगा दिला तसं बाबांनी ड्रायव्हिंग सोडलं आणि चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "आता ही तुझी. नावावर करून घे."

मी म्हटलं, घरातलीच तर गाडी, आरसीवर नाव कोणाचं का असेना! तुमच्यापैकी बरेच जण हेच म्हणत असतील. पण २०१८ सालचा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं राहिलं. पुढे अपघात झाला, त्यात एक जीव गेला. गाडी ताब्यात नसलेल्या त्या पहिल्या मालकावरच कोर्टाने भरपाईची जबाबदारी टाकली. कारण कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव नोंदवहीत आहे. म्हणजे उद्या माझ्या हातून काही घडलं तर नोटीस बाबांच्या नावाने येणार. हे कळल्यावर मी कामाला लागले.

parivahan.gov.in वर गेले, गाडीचा नंबर टाकला, चासीस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले. पुढे ओटीपी आलाच नाही. तो गेला होता बाबांच्या जुन्या मोबाइल नंबरवर, जो कधीच बंद पडलाय! तेव्हा पहिली गोष्ट ही: देणाऱ्याचा चालू नंबर आरसीशी जोडलेला आहे का ते बघा. नसेल तर आधी तो बदलून घ्या.

त्यानंतर आले फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. फॉर्म २९ म्हणजे जुन्या मालकाने दिलेली सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. मी प्रिंट काढून बाबांसमोर ठेवले. बाबांनी चष्मा लावला आणि फॉर्म परत सरकवला. त्यात इंग्रजीत लिहिलंय की अमुक तारखेला मी माझी गाडी विकली आणि ताब्यात दिली. "मी विकलेली नाही. खोट्यावर सही करणार नाही."

आता काय करायचं? भेटीसाठी वेगळा फॉर्म शोधला, मिळाला नाही, कारण तसा फॉर्मच नाही. फॉर्म ३१ आहे तो मालकाच्या मृत्यूनंतरचा, ३२ लिलावातल्या गाडीचा. मग मोटार वाहन कायद्याचं कलम ५० उघडलं आणि उलगडा झाला. कलमात मालकी 'हस्तांतरित' झाली की कळवा, असं म्हटलंय. पैसे घेऊन की प्रेमाने, हे कलम विचारत नाही. फॉर्मचा मजकूर नेहमीच्या व्यवहारासाठी छापलाय, एवढंच. म्हणून भेट दिलेली गाडीसुद्धा याच दोन फॉर्मवर जाते. आम्ही सोबत बाबांच्या सहीचं एक साधं निवेदन जोडलं: "ही गाडी मी माझ्या मुलीला अमुक तारखेला, कोणताही मोबदला न घेता दिली व ताबा दिला." खाली माझी सही, 'मी स्वीकारली' म्हणून. बाबांनी मग सही केली. कुठे रकमेचा रकाना आला तर मनाने किंमत ठोकून देऊ नका. पैसे दिलेले नाहीत, तर आकडा येणार कुठून? मोबदला नाही हेच सांगा.

इथे एक सापळा आहे. फॉर्म भरून देणाऱ्या एका माणसाने मला सुचवलं, "मॅडम, पाचशेच्या स्टॅम्पवर पक्कं बक्षीसपत्र करून टाकू." ऐकायला भारी वाटतं. पण महाराष्ट्रात बक्षीसपत्र हा मुद्रांक शुल्काचा दस्त आहे आणि गाडीसारख्या जंगम वस्तूवर ते शुल्क किमतीच्या ३ टक्के. गाडी तीन लाखांची धरली तर नऊ हजार रुपये. राहतं घर मुलांना २०० रुपयांच्या शुल्कात देता येतं, ती सवलत गाडीला नाही. म्हणजे पाचशेचा स्टॅम्प लावलेला तो कागद अपुऱ्या शुल्काचाच राहतो. आणि गंमत अशी की त्याची गरजच नसते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूची भेट नुसता ताबा देऊनही पूर्ण होते. चावी दिली, गाडी दिली, समोरच्याने घेतली, झाली भेट. आमचं निवेदन हे झालेल्या गोष्टीची नोंद आहे. भेट त्या कागदाने झालेली नाही, म्हणून त्यात 'दिली' लिहा, 'याद्वारे देत आहे' लिहू नका.

आता फी. "भेट आहे, मग फी माफ ना?" असं आईने विचारलं. नाही! फी नोंद बदलण्याची असते, व्यवहाराची नाही. नात्याला सवलत नाही आणि किमतीवर टक्केवारीही नाही. केंद्राच्या नियमात ती नोंदणी फीच्या निम्मी ठेवलीय. कारची नोंदणी फी ६००, म्हणून हस्तांतराचे ३००. बाइक किंवा स्कूटरची ३००, म्हणून १५०. वर स्मार्ट कार्डाचे २०० आणि पोस्टाचा खर्च. आमचं काम पाचशेच्या थोडं वर गेलं. बाबांनी गाडी घेताना भरलेला एकरकमी रोड टॅक्स गाडीबरोबरच येतो. राज्यातल्या राज्यात, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जाताना तो पुन्हा भरावा लागत नाही. इन्कम टॅक्सचीही भीती नको. भेट म्हणून मिळाल्यावर ज्या वस्तूंवर कर लागतो त्यांच्या यादीत जमीन, शेअर, दागिने, चित्रं आहेत, गाडी नाही.

मुदत मात्र पाळा. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. आमचे दिवस गेले ते कर्जाच्या नोंदीत. हप्ते कधीच फिटले होते, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय ते निघत नाही. तेव्हा ताबा देण्याच्या आधीच आरसी नीट वाचा, थकलेली ई-चलानं भरा, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू आहे का बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी पाटी लावून घ्या, नाहीतर काम तिथेच अडतं.

नवी आरसी हातात आली म्हणून थांबू नका. मालकी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स कंपनीला अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर पॉलिसीवर तुमचं नाव लागतं. मालक-चालकाचं अपघात संरक्षणही नोंदलेल्या मालकालाच मिळतं. आणि नो क्लेम बोनस बाबांचा असतो, गाडीचा नाही. म्हणून उरलेल्या दिवसांचा सवलतीतला फरक मला भरावा लागला. त्याची पावती मी जपून ठेवलीय.

आता आरसीवर माझं नाव आहे. बाबा बाजूच्या सीटवर बसतात आणि नालासोपाऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये मला क्लच कसा धरायचा ते शिकवतात. मालकी बदलली, सूचना बदलल्या नाहीत!

तुमच्या घरात अशी एखादी गाडी असेल तर आज रात्री फक्त आरसी काढा आणि नाव, मोबाइल नंबर, बँकेची नोंद या तीन गोष्टी बघा. भेटू पुढच्या भागात.