पेन्शन पॉलिसी पिकली, आता पर्याय कोणता?

काका, तुमची पेन्शन पॉलिसी पिकली, काही रक्कम रोख घेतलीत आणि समजा दहा लाख उरले. त्यातून आता ॲन्युइटी, म्हणजे आयुष्यभराचं पेन्शन, घ्यायचं आहे. पुढचे आकडे केवळ अंदाजाचे. दर वयावर आणि कंपनीवर ठरतो.

फक्त तुमच्या हयातीपुरतं पेन्शन घेतलंत, तर महिना सात हजार. तुमच्यामागे मात्र ते बंद, मुद्दलही परत नाही. मुद्दल वारसांना हवं असेल, तर हातात साडेपाच हजारच. काकूंची स्वतःची मिळकत नसेल, तर संयुक्त पर्याय बघा: सव्वासहा हजार, आणि तुमच्यामागे काकूंना तेवढेच. इथे फॉर्म नीट वाचा, कारण एका पर्यायात जोडीदाराला निम्मंच मिळतं. दहा-पंधरा वर्षांच्या हमीचाही पर्याय असतो. त्या मुदतीत काही झालं, तरी उरलेल्या वर्षांचे हप्ते वारसाला मिळतात.

वार्षिक हप्ता निवडलात, तर पहिला पैसा सहसा वर्षानंतर हाती येतो. पेन्शनवर आयकर लागू होतो. एकदा सुरू झालेला पर्याय बदलता येत नाही, म्हणून सही करण्याआधी काकूंना सोबत बसवा.