यंत्राने लिहिलं असेल, पण कोणत्या यंत्राने?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाउसमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महाशय, सेक्रेटरी, समितीचे सभासद आणि सतरंजीवर पुढे बसलेली आपली बच्चेकंपनी! नोकरीची शेवटची काही वर्षं मी भाषेच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, म्हणून मला ‘एआयवर काहीतरी बोला’ असं सांगण्यात आलं. पण ‘काहीतरी’ बोलण्यापेक्षा आपल्याच सोसायटीत घडलेल्या एका गोष्टीवर बोलतो. ज्यांच्याबाबतीत ती घडली, त्यांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र घेणार नाही.

मागच्या वर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी नोटीस बोर्डावर एक निनावी पत्र लागलं होतं, आठवतंय ना? लिफ्टच्या देखभाल कराराची रक्कम एवढी का वाढली, तीन कोटेशन्स का मागवली नाहीत, असा त्याचा विषय. जेमतेम दीडशे शब्द, शुद्ध मराठी, कुठे एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. ‘इतकं नीटनेटकं आपल्याकडे कोण लिहितं?’ म्हणून कुणीतरी ते एका वेबसाइटवर टाकून तपासलं. उत्तर आलं, यंत्रलिखित असण्याची शक्यता 94 टक्के, आणि खाली, बहुधा चॅटजीपीटी. झालं! सी विंगमधल्या एका काकांनी कोजागिरीला मोबाइलवर चॅटजीपीटीकडून गाणं रचून घेऊन म्हणून दाखवलं होतं. म्हणजे पत्र त्यांचंच. पुढचे दोन महिने लोक त्यांच्याशी लिफ्टमध्येसुद्धा बोलत नव्हते.

आता यात दोन वेगळे प्रश्न एकात एक मिसळले. पहिला प्रश्न, हे यंत्राने लिहिलं का? दुसरा, कोणत्या यंत्राने? दुधाचं उदाहरण घ्या. लॅक्टोमीटर बुडवला की दुधात पाणी आहे का, याचा अंदाज येतो. तोही फसवता येतो, पण अंदाज येतो. मात्र हे दूध कोणाच्या गोठ्यातलं, हे लॅक्टोमीटर सांगू शकत नाही. त्यात दूध जर संकलन केंद्रावर चार गोठ्यांचं एकत्र होऊन आलं असेल, तर मग विचारायलाच नको.

पहिल्या प्रश्नाचा अंदाज कसा बांधतात, ते आधी पाहू. ही भाषेची मॉडेल्स एकेक शब्द पुढे ठेवत जातात, आणि प्रत्येक वेळी बहुधा अपेक्षित असाच शब्द निवडतात. माणूस मधेच वाकडं वळण घेतो, भलताच शब्द वापरतो, एक वाक्य लांबवतो, दुसरं तोडतो. मजकूर किती ‘अपेक्षित’ आहे हे मोजलं, की यंत्राचा संशय घेता येतो. पण हा निव्वळ संशय. चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असा एक ओळखयंत्राचा प्रयोग खुला केला. त्यांच्याच इंग्रजीतल्या चाचणीत यंत्राने लिहिलेल्यांपैकी 26 टक्के मजकूर त्याने पकडला, आणि माणसांनी लिहिलेल्यांपैकी 9 टक्के मजकूर चुकून यंत्राचा ठरवला. अचूकता कमी, म्हणून जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. आजची साधनं त्यापेक्षा सुधारली आहेत, पण साधं, शुद्ध, सरकारी वळणाचं लिहिणारा माणूस अजूनही त्यांत अडकतो.

आता लक्षात घ्या, हा अंदाज उभा आहे तो सगळ्या मॉडेल्समध्ये जे *सारखं* आहे, त्यावर. दुसऱ्या प्रश्नाला हवा असतो त्यांच्यातला *फरक*. आणि ही सगळी मंडळी वाढली आहेत जवळपास एकाच इंटरनेटवर, आणि सगळ्यांना ‘नम्र बोला, मुद्देसूद बोला’ असंच शिकवलं आहे. एकाच शाळेतल्या मुलांचं हस्ताक्षर ओळखायला सांगावं, तसं आहे हे.

मग फरक नसतोच का? असतो. ते सांगितलं नाही तर मी अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. 2025 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चॅटजीपीटी, क्लॉड, ग्रोक, जेमिनी आणि डीपसीक या पाचांची असंख्य उत्तरं गोळा केली आणि ‘हे उत्तर पाचांपैकी कोणाचं?’ हे ओळखायला एक प्रोग्राम शिकवला. नुसत्या अंदाजपंचे सांगण्याने पाचात एकदा बरोबर आलं असतं, म्हणजे 20 टक्के. त्यांचं 97.1 टक्के बरोबर आलं! वाक्यांतल्या शब्दांचा क्रम विस्कटला तरी बरंचसं ओळखता येत होतं. कारण प्रत्येकाचे आवडते शब्द असतात, उत्तर सुरू करण्याची लकब असते, ठळक अक्षरं आणि यादी वापरण्याची सवय असते.

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं ते ‘पाचांपैकी’ या शब्दात. त्या प्रयोगात उत्तर पाचांपैकीच कोणाचं तरी आहे, हे आधीच ठरलेलं होतं. ओळखपरेडीत पाच जण उभे केले आणि ‘यांतला एक चोर आहेच, बोट दाखवा’ म्हटलं, तर बोट दाखवलं जाणारच. खरा चोर बाहेर चहा पीत असला, तरी. आपल्या नोटीस बोर्डावरच्या पत्राला अशी यादी नव्हती. ते सहाव्या मॉडेलचं असू शकतं, पन्नासाव्या असू शकतं, किंवा डी विंगमधल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेचंही असू शकतं.

मी एक साधा उद्योग केला. आपल्या सोसायटीचं 2009 सालच्या सभेचं इतिवृत्त काढलं. ते मीच लिहिलेलं, तेव्हा यांतलं एकही मॉडेल जन्मालाही आलं नव्हतं. ते टाइप करून त्याच वेबसाइटवर टाकलं. उत्तर आलं, यंत्रलिखित असण्याची शक्यता 61 टक्के, बहुधा जेमिनी. (हशा) हसू नका, मला माझ्या मराठीचं वाईट वाटलं! पण मुद्दा कळला ना? त्या साधनाकडे ‘यांपैकी कोणीच नाही’ असं म्हणायची सोयच नव्हती. कोणतंही साधन नाव सांगत असेल, तर आधी हेच विचारा, ‘माहीत नाही’ असं उत्तर त्याला देता येतं का? आणि ते मराठीवर तपासलंय का? लकबी इंग्रजीत मोजल्या आणि निकाल मराठीला लावला, तर काय होणार!

दुसरी अडचण नात्यागोत्याची. जानेवारी 2025 मध्ये चीनच्या डीपसीक कंपनीने आपल्या मोठ्या आर-वन मॉडेलची उत्तरं वापरून सहा लहान मॉडेल्स तयार केली आणि सगळ्यांसाठी खुली केली. पण त्यांचा मूळ सांगाडा डीपसीकचा नव्हता. काहींचा अलीबाबाच्या क्वेनचा, काहींचा मेटाच्या लामाचा. म्हणजे अंगकाठी एका घरची, संस्कार दुसऱ्या घरचे. अशा मॉडेलने लिहिलेल्या मजकुरावर कोणाचं नाव घालायचं? इथे ओळखयंत्र चुकतं असंही नाही, ‘कोणाचं’ या प्रश्नालाच एक उत्तर नाही. शिवाय एकाच नावाखाली मॉडेलच्या आवृत्त्या बदलत राहतात, आणि वेगळ्या नावाच्या कितीतरी ॲपच्या पोटात दुसऱ्याच कंपनीचं मॉडेल असतं. त्यात ‘माझ्या शैलीत लिही’ अशी सूचना दिली, मग आपण चार वाक्यं बदलली, की लकबी आणखी पुसट होतात. दीडशे शब्दांत मुळात त्या उमटतात तरी किती?

‘मग त्या यंत्रालाच विचारावं की!’ असं मला इथल्याच एका वहिनींनी सुचवलं. हाही प्रयोग झालाय. मे 2023 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एका अध्यापकाने विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीतच टाकून ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारलं. ते ‘हो’ म्हणालं, आणि मुलांच्या पदव्या अडल्या. पण दुसऱ्याच्या खिडकीत कोणाला काय लिहून दिलं, हे त्या मॉडेलला ठाऊक नसतं. तेही तिथे पुढचा अपेक्षित शब्दच ठेवत असतं. ‘हो’ हा शब्द तिथे शोभला, एवढंच.

नाव खात्रीने सांगता येईल अशी एक वाट मात्र आहे. लिहितानाच छुपी खूण सोडायची. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये मांडलेली कल्पना सोपी करून सांगतो. प्रत्येक शब्द निवडण्याआधी एका गुप्त किल्लीने शब्दसंग्रहाचे दोन भाग पाडायचे, समजा अर्धे हिरवे, अर्धे लाल, आणि यंत्राने थोडा कल हिरव्यांकडे ठेवायचा. दर शब्दाला ही वाटणी बदलते, म्हणून वाचणाऱ्याला काही कळत नाही. पण किल्ली असलेला माणूस मोजू शकतो. 200 शब्दांत आपोआप 100 च्या आसपास हिरवे यावेत. सात-आठ इकडेतिकडे चालतील. 150 निघाले तर तो योगायोग नव्हे. याच धाटणीची, किल्लीने शब्दांची निवड किंचित झुकवणारी, ‘सिंथआयडी’ नावाची खूण गूगलने जेमिनीच्या मजकुरात वापरली आणि 2024 मध्ये तिची माहिती ‘नेचर’ या नियतकालिकात दिली.

पण मर्यादा इथेही आहेतच. खूण सापडली तर ती त्या किल्लीच्या मालकाची. नाही सापडली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण बाकीच्यांनी खूण घातलेलीच नसेल. आणि मजकूर दुसऱ्या भाषेत नेऊन परत आणला, किंवा नीट फिरवून लिहिला, की खूण विरघळते.

आता परत आपल्या पत्राकडे. समजा, अगदी खात्रीने कळलं असतं की ते चॅटजीपीटीचंच आहे. तरी पुढे काय? ते वापरणारे कोट्यवधी लोक आहेत. आपल्याच इमारतीत मी विचारलं, तर बारा घरांत ते निघालं. त्यांत माझं एक. यंत्राचं नाव कळणं आणि माणसाचं नाव कळणं, यांत मोठा जिना आहे, आणि आपण तो एका उडीत चढलो. काकांनी फक्त गाणं म्हटलं होतं.

पत्र कोणी लिहिलं, ते मला आजही माहीत नाही. पण लिफ्टचा करार दोन वर्षांत कितीने वाढला, हा त्यातला प्रश्न खरा होता. नंतर समितीने तीन कोटेशन्स मागवली आणि ती नोटीस बोर्डावर लावली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला लिहिणाऱ्याचं नाव लागलं नाही.

काका आज आले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. चहाच्या वेळी त्यांच्याशी बोला. येत्या कोजागिरीला त्यांनी गाणं म्हणावं, अशी माझी विनंती आहे. कोणी रचलं, ते आपण विचारणार नाही.