साडेसहाची वेळ एक, पेशंट दोन

आजचा भाग मुख्यतः कोड लिहिणाऱ्यांसाठी आहे. पण ॲपवरून डॉक्टरची वेळ घेऊन गेलात आणि काउंटरवर "अहो, ही वेळ तर दुसऱ्यांना दिलीय" असं ऐकावं लागलं, तर ते का होतं हेही यात कळेल. ऐकताना कोडची चिंता करू नका, अर्थ मी बोलून सांगणार आहे. वाचणाऱ्यांसाठी दोन तुकडे खाली दिलेत.

तर झालं असं. एका दाताच्या दवाखान्यासाठी मी बुकिंगचं छोटं ॲप लिहून दिलं होतं. डॉक्टर एक, रोजच्या वेळा ठरलेल्या, पोस्टग्रेसचा डेटाबेस. दोन महिने सगळं सुरळीत. मग एका सोमवारी संध्याकाळी साडेसहाला दोन पेशंट हजर. एक आजोबा, गाल सुजलेला, मुलगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना तालुक्याहून घेऊन आलेला. दुसरी कॉलेजची मुलगी, रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगसाठी. दोघांच्याही फोनवर हिरवी टिक आणि 'बुकिंग कन्फर्म'. डॉक्टरांनी दोघांनाही बघितलं, पण त्यापुढचे सगळे पेशंट तासभर ताटकळले. रात्री काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "दादा, आमच्या वहीत असं कधीच झालं नव्हतं."

हे वाक्य मला लागलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं. वहीत साडेसहाची ओळ एकच असते. तिथे एक नाव लिहिलं की दुसरं लिहायला जाणाऱ्याला ते दिसतंच. माझ्या ॲपमध्ये ती एकच ओळ नव्हती.

माझा कोड काय करत होता? आधी डेटाबेसला विचारायचं, 'साडेसहा रिकामी आहे का?' उत्तर 'हो' आलं की बुकिंगची नोंद घालायची. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! आता लॉगमध्ये मला काय दिसलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या वेळा सकाळी ८ वाजता खुल्या व्हायच्या, म्हणजे ८ च्या ठोक्याला सगळे एकदम बटण दाबणार. आजोबांच्या मुलाची विनंती आली, कोडने विचारलं, उत्तर मिळालं 'रिकामी'. त्यानंतर लगेच त्या मुलीची विनंती आली, कोडने तेच विचारलं, उत्तर तेच. का नसावं? पहिली नोंद अजून पडलीच नव्हती. मग पहिली नोंद पडली, मग दुसरी. दोन्ही वेळा कोडने नियम पाळला आणि तरी वेळ दोघांना गेली.

त्यात माझा एक जास्तीचा मूर्खपणा होता. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये मी पेमेंट कंपनीकडे ऑर्डर तयार करायचा कॉल टाकला होता. त्यात कधी अर्धा सेकंद जायचा, कधी एक. जी फट काही मिलिसेकंदांची राहिली असती, ती मी दरवाज्याएवढी केली होती. पण नीट ऐका, फट लहान केल्याने प्रश्न सुटत नाही, फक्त उशिरा दिसतो.

मी आधी चुकीचे उपाय करून बघितले. बटण एकदा दाबलं की बंद करायचं: पण त्याने एकच फोन बंद होतो, दुसऱ्या पेशंटच्या हातातलं बटण चालूच. मग विचारणं आणि लिहिणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलं. हा सापळा बऱ्याच जणांना माहीत नसतो. पोस्टग्रेसमध्ये मुळातली सेटिंग 'रीड कमिटेड' असते. म्हणजे दुसऱ्याने लिहून पक्कं केलेलं तुम्हाला दिसतं, पण अजून पक्कं न झालेलं दिसत नाही, आणि त्यासाठी कोणी थांबतही नाही. दोन ट्रान्झॅक्शन शेजारी शेजारी चालली तर दोघांनाही वेळ रिकामीच दिसते. बरं, `SELECT ... FOR UPDATE` लावून ओळ अडवू म्हटलं, तर अडवायला ओळ हवी ना! रिकाम्या वेळेची बुकिंगच्या टेबलात ओळच नसते.

शेवटी उपाय वहीतलाच निघाला. विचारूच नका. थेट लिहायला जा, आणि ओळ भरलेली असेल तर डेटाबेसलाच नकार देऊ द्या.

```sql
CREATE UNIQUE INDEX ek_vel_ek_patient
ON bookings (doctor_id, slot_start)
WHERE status <> 'cancelled';
```

अर्थ असा, की एका डॉक्टरच्या एका सुरुवातीच्या वेळेला एकच चालू बुकिंग. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ती नसेल तर रद्द झालेलं बुकिंगही जागा अडवून बसतं आणि ती वेळ पुन्हा कोणालाच मिळत नाही.

मी हे चालवलं तर इंडेक्स बनेचना. आधीच दुहेरी नोंदी असल्यामुळे डेटाबेस अडून बसला. डॉक्टर आणि वेळेनुसार गट करून एकापेक्षा जास्त मोजणी कुठे येते ते बघितलं, तर सोमवारखेरीज आणखी तीन सापडल्या. त्या दिवशी कोणीतरी आलंच नव्हतं, म्हणून बोभाटा झाला नव्हता. तुमचं ॲप चालू असेल तर ही मोजणी आजच करून बघा.

इंडेक्स नीट चालतो का, हे तपासायला दोन टर्मिनल पुरतात. दोन्हीकडे `psql` उघडा, दोन्हीकडे `BEGIN` करा. पहिल्यात साडेसहाची नोंद घाला, पण `COMMIT` करू नका. आता दुसऱ्यात तीच नोंद घाला. काय होतं? काहीच नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. दुसरा पहिल्याच्या निकालाची वाट बघतोय. पहिल्याने `COMMIT` केलं की दुसऱ्याला त्याच क्षणी `23505` ही चूक मिळते. पहिल्याने `ROLLBACK` केलं, तर दुसऱ्याची नोंद बिनबोभाट पडते. ताईंच्या वहीत एक जण लिहीत असताना दुसरा मागे थांबतो, अगदी तसंच.

आता ती `23505` चूक आली की पेशंटला काय दाखवायचं? मी 'ही वेळ आत्ताच गेली, पुढची मोकळी वेळ सात' असं दाखवलं आणि खूश झालो. दोन दिवसांनी एकाची तक्रार आली: वेळ गेली म्हणून दाखवतंय, पण मेसेज तर आलाय कन्फर्म झाल्याचा! त्याचं नेटवर्क मध्येच तुटलं होतं. पहिली विनंती सर्व्हरवर पोचून नोंद झाली होती, उत्तर परत आलं नाही, म्हणून फोनने विनंती पुन्हा पाठवली. ती त्याच्या स्वतःच्याच बुकिंगवर आपटली. म्हणून चूक आली की आधी बघायचं, ती ओळ याच पेशंटची आहे का? असेल तर हिरवी टिक दाखवायची, नकार नाही.

पुढचा प्रश्न पैशांचा. आम्ही आगाऊ शंभर रुपये घ्यायला लागलो. पेमेंट होईपर्यंत वेळ धरून तर ठेवायला हवी, पण कायमची नाही. म्हणून नोंद `held` अशी पडते, सोबत पाच मिनिटांनंतरची मुदत. नवा पेशंट आला की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी त्या वेळेची मुदत संपलेली `held` नोंद काढायची, मग आपली घालायची. आता समजा, एखाद्याचे पैसे यूपीआयवरून सातव्या मिनिटाला आले. नोंद कन्फर्म करताना अट घालायची, 'ती अजून `held` असेल तरच'. किती ओळी बदलल्या? एक असेल तर वेळ त्याचीच; मुदत संपली असली तरी मधे कोणी घेतली नाही ना, मग देऊन टाका. शून्य असेल तर वेळ दुसऱ्याने घेतलीय. तिथे पैसे परत करण्याची प्रक्रिया आपोआप सुरू झालीच पाहिजे. हे मी सुरुवातीला हाताने करायचो. शंभर रुपयांसाठी लोक किती फोन करतात हे मला विचारा.

इथवर सगळ्या वेळा सारख्या लांबीच्या होत्या. मग डॉक्टर म्हणाले, रूट कॅनालला तास लागतो, नुसत्या तपासणीला पंधरा मिनिटं. झालं! सहा ते सात आणि साडेसहा ते पावणेसात, सुरुवात वेगळी म्हणून युनिक इंडेक्स दोन्ही आनंदाने घेतो, आणि खुर्ची तर एकच. यासाठी पोस्टग्रेसमध्ये एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट आहे. तो म्हणतो, एका डॉक्टरचे दोन कालावधी एकमेकांवर चढता कामा नयेत.

```sql
CREATE EXTENSION btree_gist;

ALTER TABLE bookings
ADD CONSTRAINT vela_chadhu_nayet
EXCLUDE USING gist (
  doctor_id WITH =,
  tstzrange(slot_start, slot_end, '[)') WITH &&
) WHERE (status <> 'cancelled');
```

`'[)'` या चिन्हाकडे दुर्लक्ष करू नका. सुरुवात धरायची, शेवट धरायचा नाही, असा त्याचा अर्थ. दोन्ही टोकं धरली तर सातला संपणारा आणि सातला सुरू होणारा पेशंट आपसात भिडतात आणि विनाकारण नकार येतो. इथे चुकीचा नंबर वेगळा आहे, `23P01`. आणि गर्दीत कधीकधी दोन नोंदी एकमेकींचीच वाट बघत अडकतात. मग डेटाबेस त्यातली एक मारून टाकतो, `40P01` म्हणून. ती आली तर वेळ गेली असं समजू नका, तीच विनंती एकदा पुन्हा चालवा, खरं उत्तर मिळतं.

हे सगळं केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा एकाच वेळेला दोन पेशंट. मी टेबल बघितलं, तिथे नोंद एकच. रात्रभर डोकं खाजवलं. सकाळी ताईंना विचारलं तर म्हणाल्या, फोनवर आलेल्या पेशंटची नावं त्या अजून वहीतच लिहितात, ॲप फक्त ऑनलाइनवाल्यांसाठी आहे असं त्यांना वाटलं. सांगायला हवं होतं मीच. त्यांना काउंटरवर एक टॅबलेट दिला, त्यातला फॉर्म त्याच टेबलात लिहितो, त्याच कन्स्ट्रेंटला आपटतो. वही अजून आहे, पण ती आता रोज सकाळी टेबलावरून छापून निघते.

चला, आज इथेच थांबतो. मोजणीत काही सापडलं तर कळवा.